वजन खाली, अँगल डावीकडे: उद्यमबागच्या रॅकमधल्या १००×७५×८ चं प्रकरण

बेळगावात फाउंड्रीचा धंदा जुना, आणि उद्यमबागच्या गल्ल्यांमधून फिरलं की कास्टिंग रंगवून वाळवायचे लहान-मोठे रॅक जागोजागी दिसतात. त्यातल्याच एका पेंट शॉपमधल्या रॅकचं हे प्रकरण आहे. रॅक साधा होता. चार खांब, आणि त्यांवर एकमेकांना समांतर दोन आडवे अँगल. प्रत्येक अँगल १००×७५×८, तीन मीटर गाळ्याचा, लांब बाजू उभी आणि आखूड बाजू तळाला. उभ्या बाजूच्या बरोबर खाली बारा कड्या वेल्ड केलेल्या, आणि प्रत्येक कडीला अडतीसेक किलोचं एक कास्टिंग.

मालकांची तक्रार खाली झुकण्याबद्दल नव्हतीच. माल टांगला की दोन्ही अँगल मध्यावर डावीकडे सरकायचे. डावीकडच्या अँगलच्या पाठीमागे धूर ओढणाऱ्या हुडाची पत्र्याची कड होती, मध्ये जेमतेम पाच मिलिमीटर फट. पूर्ण माल चढला की अँगल त्या पत्र्याला टेकायचा आणि रंगाचा थर खरवडला जायचा. माल उतरवला की परत मोकळा.

मिस्त्रींचं म्हणणं पडलं की खांब ओळंब्यात नसावेत, नाहीतर अँगल गिरणीतूनच वाकडा आला असावा. "वजन सरळ खाली लोंबतंय की ओ, मग बाजूला ढकलतंय कोण?" हा त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता, आणि या प्रकरणातलं सगळं गणित त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी ओळंबा लावला. खांब सरळ होते. रिकाम्या अँगलच्या दोन्ही टोकांना दोरी ताणली तर मध्यावर दोरी आणि अँगलमध्ये फरक जवळपास शून्य, म्हणजे अँगलही सरळ. मग माल चढवला. उजवीकडचा अँगल, ज्याच्या शेजारी काहीच नव्हतं, मध्यावर नऊ मिलिमीटर खाली गेला आणि सात मिलिमीटर डावीकडे. माल उतरवल्यावर दोन्ही आकडे पुसले गेले. वाकडा अँगल रिकामाही वाकडाच दिसला असता. इथे वजनाबरोबर येतंय आणि वजनाबरोबर जातंय, म्हणजे ही लवचीक वाक आहे आणि तिचं कारण छेदाच्या आकारातच शोधायला हवं.

ज्या हिशेबावर हा अँगल निवडला होता तो मी पाहिला. बारा कास्टिंग आणि हूक मिळून साधारण ४६० किलो, अँगलचं स्वतःचं वजन एकतीस किलो, म्हणजे एकूण ४.८ किलोन्यूटन. मीटरमागे १.६ किलोन्यूटन. मध्यावरचा वाकवणारा मोमेंट १.८ किलोन्यूटन-मीटर. पुढे टेबलातून Ix, म्हणजे आडव्या अक्षाभोवती वाकायला छेद किती विरोध करतो तो आकडा, घेतला आणि आयताकृती तुळईला लावतात तेच सूत्र लावलं. वाक आली सव्वासहा मिलिमीटर, ताण ९१ मेगापास्कल. दोन्ही सोयीचे, म्हणून अँगल पास. त्या हिशेबात बाजूला सरकणं कुठे येतच नाही. प्रत्यक्षात मात्र वाक नऊ मिलिमीटर होती, आणि शिवाय बाजूचे सात.

त्या सूत्रात एक अट गृहीत धरलेली असते: ज्या अक्षाभोवती वाकवतोय तो छेदाचा मुख्य अक्ष असला पाहिजे, म्हणजे असा अक्ष की ज्याभोवती वाकवलं तर छेद बाजूला न सरकता ओढीच्याच दिशेने वाकतो. आय-सेक्शनला किंवा चौकोनी पाइपला ही अट आपोआप पाळली जाते, कारण उभा-आडवा अक्ष हाच त्यांचा सममितीचा अक्ष. अँगलला बाजूंना समांतर असा एकही सममितीचा अक्ष नाही. समान बाजूंच्या अँगलला निदान पंचेचाळीस अंशातला एक अक्ष तरी मिळतो, असमान अँगलला तोही नाही. तिथे मुख्य अक्ष कुठे आहेत हे काढावंच लागतं, आणि ते काढायचा रस्ता प्रॉडक्ट ऑफ इनर्शियातून, म्हणजे Ixy मधून जातो.

Ixy म्हणजे छेदातल्या प्रत्येक लहान तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याचं केंद्रापासूनचं आडवं अंतर गुणिले उभं अंतर, आणि या सगळ्यांची बेरीज. Ix मध्ये अंतराचा वर्ग असतो म्हणून तो नेहमी धन. Ixy मध्ये दोन वेगळी अंतरं गुणली जातात, म्हणून तुकडा कुठल्या चौथाईत आहे त्यावर चिन्ह ठरतं. वर-उजवीकडचे आणि खाली-डावीकडचे तुकडे धन, वर-डावीकडचे आणि खाली-उजवीकडचे ऋण. सममित छेदात हे एकमेकांना खोडतात. आपला अँगल टोकाकडून असा पाहा की उभी बाजू डावीकडे आणि तळाची बाजू उजवीकडे निघालेली. उभ्या बाजूचा बहुतेक भाग केंद्राच्या वर-डावीकडे येतो, तळाच्या बाजूचा खाली-उजवीकडे. दोन्हीकडे ऋण. खोडायला कोणी नाही, म्हणून Ixy मोठा येतो आणि ऋण येतो.

आकड्यांत बघू. आतल्या कोपऱ्याची गोलाई सोडली तर छेद दोन आयतांचा होतो: उभा ८×१००, आडवा ६७×८. क्षेत्रफळं ८०० आणि ५३६, मिळून १३३६ चौरस मिलिमीटर. बाहेरच्या कोपऱ्यापासून मोजलं तर केंद्र १९.० मिलिमीटर उजवीकडे आणि ३१.५ मिलिमीटर वर येतं. आता प्रत्येक आयताचं स्वतःचं केंद्र या मुख्य केंद्रापासून किती दूर आहे ते घ्यायचं. उभ्या आयताचं १५.०४ डावीकडे आणि १८.४६ वर, आडव्याचं २२.४६ उजवीकडे आणि २७.५४ खाली. आयताचा स्वतःच्या केंद्राभोवतीचा Ixy शून्य असतो, तेव्हा फक्त सरकवण्याचा भाग उरतो:

```
Ixy = 800(-15.04)(+18.46) + 536(+22.46)(-27.54)
    = -22.21 - 33.15  =  -55.4   (x 10^4 mm^4)

Ix = 134.9 x 10^4 mm^4
Iy =  65.6 x 10^4 mm^4
```

इथे चिन्हांची गफलत फार होते. विद्यार्थी अंतरं धनच धरतात आणि Ixy धन ५५.४ लिहून मोकळे होतात. मुख्य I च्या किमतींवर त्याचा परिणाम होत नाही, कारण सूत्रात Ixy चा वर्ग येतो, त्यामुळे ही चूक उत्तरातून दिसतही नाही. बिघडते ती दिशा. मुख्य अक्ष उलट्या बाजूला कलतो, आणि मग अँगल डावीकडे जाणार की उजवीकडे हेच उलटं सांगितलं जातं. आपल्या प्रकरणात तर सगळा प्रश्नच डाव्या-उजव्याचा होता.

यावरून मुख्य अक्ष:

```
tan 2θ = -2 Ixy / (Ix - Iy) = 110.7 / 69.3 = 1.60
θ = 29°

Imax = 165.5 x 10^4 mm^4
Imin =  34.9 x 10^4 mm^4
```

पडताळा सोपा आहे. Imax आणि Imin ची बेरीज Ix आणि Iy च्या बेरजेइतकीच आली पाहिजे, ती येते. दिशेचा पडताळा डोळ्यांनी करायचा: दुबळा अक्ष, म्हणजे Imin वाला, नेहमी दोन्ही बाजूंची मोकळी टोकं जोडणाऱ्या रेषेच्या आसपास पडतो, कारण त्या रेषेलगतच सगळं लोखंड पसरलेलं असतं. इथे दुबळा अक्ष उभ्या रेषेपासून २९ अंश कललेला, वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारा. टोकांची रेषाही त्याच कलाची आहे. उत्तर याच्या आडवं आलं तर चिन्ह चुकलंय असं खुशाल समजावं. आपल्याकडच्या स्टील टेबलांत असमान अँगलसमोर Iuu, Ivv आणि tan α असे रकाने असतात, ते हेच. गोलाई धरल्यामुळे तिथले आकडे थोडे वेगळे असतात. बहुतेकांची बोटं Ixx वरच थांबतात आणि ते रकाने कोरे असल्यासारखे राहतात.

Imax आणि Imin मधलं अंतर पाहा. दुबळ्या अक्षाभोवती हा अँगल जवळपास पाचपट मऊ आहे. फूटपट्टी तिरकी धरून टोक खाली दाबलं तर ती हाताच्या दिशेने न जाता आपल्या पातळ बाजूने वाकते, तसंच इथे होतं. वजन सरळ खाली ओढतं, पण त्या ओढीचा एक भाग दुबळ्या अक्षाभोवती वाकवतो, आणि त्या दिशेला अँगल फारसा विरोधच करत नाही. दुबळ्या अक्षाला काटकोनातली दिशा म्हणजे खाली-डावीकडे. मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: बाजूला कोणी ढकलत नाही, अँगल आपल्या सोप्या वाटेने जातो.

किती जातो तेही निघतं. बाजूला मोकळा असलेल्या अँगलला उभ्या वाकेसाठी पूर्ण Ix मिळत नाही. मिळतो तो Ix वजा Ixy चा वर्ग भागिले Iy, म्हणजे १३४.९ मधून ४६.७ गेले, उरले ८८.१. उभी वाक त्यामुळे ६.३ ऐवजी ९.६ मिलिमीटर. बाजूची वाक उभ्या वाकेच्या Ixy भागिले Iy पट, म्हणजे ०.८४ पट: ८.१ मिलिमीटर. मोजलेले आकडे नऊ आणि सात होते. बाजूचा आकडा थोडा कमी येण्याचं कारण टोकांच्या जोडणीत आहे. तळाची बाजू दोन-दोन बोल्टांनी आधारावर घट्ट बसवलेली होती, त्यामुळे आडव्या दिशेने टोकं पूर्ण मोकळी नव्हती. पत्र्याला टेकणारा डावा अँगल उजव्यापेक्षा एखादा मिलिमीटर कमी खाली जात होता, तेही यात बसतं. बाजूला जाणं अडलं की खाली जाणंही कमी होतं, कारण दोन्ही मिळून एकच तिरकी हालचाल आहे.

ताणाची गोष्ट मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. साध्या हिशेबात न्यूट्रल अक्ष, म्हणजे जिथे दाबही नाही आणि ओढही नाही अशी रेषा, आडवा असतो. वरच्या टोकाला ९१ मेगापास्कल दाब, आणि तळाच्या बाजूला सगळीकडे सारखाच ४२ मेगापास्कल ओढ. खरा न्यूट्रल अक्ष चाळीस अंशांनी कललेला आहे, डावीकडून उजवीकडे उतरणारा, आणि तो तळाच्या बाजूला मधेच छेदून जातो. वरच्या टोकाच्या आतल्या कडेला दाब १२१ मेगापास्कल होतो. बाहेरच्या कोपऱ्यावर ओढ ९७ मेगापास्कल, म्हणजे हिशेबातल्या ४२ च्या दुपटीहून जास्त. आणि तळाच्या बाजूच्या मोकळ्या टोकाला ओढ नाहीच, तिथे वरच्या कडेला ४८ मेगापास्कल दाब आहे.

खाली झुकलेल्या तुळईच्या तळाशी दाब, हे ऐकून मिस्त्री आणि मालक दोघेही माझ्याकडे पाहतच राहिले. मग तिरकी हालचाल डोळ्यांसमोर आणायला सांगितली. अँगल खाली आणि डावीकडे वाकतोय, म्हणजे वाकेच्या बाहेरच्या अंगाला आहे तो खालचा-डावा कोपरा, तोच ताणला जाणार. तळाच्या बाजूचं उजवं टोक वाकेच्या आतल्या अंगाला आहे, म्हणून ते दाबलं जाणार. खाली असण्याने ओढ येत नाही, वाकेच्या बाहेरच्या अंगाला असण्याने येते.

या रॅकमध्ये १२१ मेगापास्कलने लगेच काही तुटणार नव्हतं. साध्या स्टीलची नमण्याची मर्यादा २५० च्या आसपास असते. पण कड्या वेल्ड केल्या होत्या त्या नेमक्या कोपऱ्याखाली, जिथे ओढ हिशेबाच्या दुपटीहून जास्त निघाली. दिवसातून अनेकदा माल चढतो-उतरतो, आणि वेल्डच्या कडेला वारंवार ओढ येत राहिली तर तिथे बारीक तडा जाऊ शकतो. म्हणून कड्यांची वेल्ड घासून नीट पाहिली. तडा नव्हता.

उपाय काय? पहिली सूचना मालकांनीच केली, दोन्ही अँगल मध्यावर पट्टीने एकमेकांना बांधू. सूचना चांगली, पण आहे तशा रॅकला तिचा उपयोग नव्हता. दोन्ही अँगल एकाच तोंडाने बसवलेले होते, दोघांचीही पाठ डावीकडे. दोघेही डावीकडेच जाणार. पट्टी बांधली तर दोघे जोडीने डावीकडे गेले असते आणि पट्टीत बळ जवळपास शून्य राहिलं असतं.

म्हणून उजवीकडचा अँगल काढला आणि टोकं अदलाबदल करून परत बसवला. तसं केलं की समोरून पाहताना त्याची पाठ उजवीकडे येते, आणि डाव्या अँगलचं आरशातलं रूप तयार होतं. आता एक डावीकडे जाऊ पाहणार, दुसरा उजवीकडे. मध्यावर २५×५ ची पट्टी बोल्टने बांधली की दोघे एकमेकांना धरून ठेवतात. पट्टीत किती ओढ येईल तेही काढता येतं. अँगलला बाजूने सरळ ठेवायला लागणारं बळ उभ्या वजनाच्या Ixy भागिले Ix पट, म्हणजे ०.४१ पट, आणि मध्यावरच्या एका आधारावर त्याचा पाच-अष्टमांश येतो. उत्तर १.२ किलोन्यूटन, साधारण सव्वाशे किलो. तीन मीटरचा अँगल आपणहून एवढं बळ बाजूला लावतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पट्टीला मात्र ते फार नाही, जेमतेम दहा मेगापास्कल.

पट्टी बसवून पूर्ण माल चढवला. बाजूची हालचाल एका मिलिमीटरच्या आत आली, आणि उभी वाक नऊवरून साडेसहाच्या आसपास उतरली. मूळ हिशेबातल्या सव्वासहाच्या जवळ ती आली यात नवल नाही. मध्यावर बाजूची हालचाल अडवली की तिथे साधं Ix वालं सूत्र खरं ठरतं. ते सूत्र बाजूला धरलेल्या अँगलचं आहे. छपराच्या पर्लिनवर पत्रे घट्ट बसवलेले असतात तेव्हा ते काम पत्रे करतात, आणि म्हणूनच अनेक शेडांत हा दोष कधी वर येत नाही. पत्रे चढवण्याआधी त्याच पर्लिनवर माणसं उभी राहतात तेव्हा तो येतो.

या हिशेबाची एक मर्यादा सांगितली पाहिजे. वरचे सगळे आकडे वजन उभ्या बाजूच्या रेषेतून उतरतं म्हणून लागू आहेत. अँगलचा शिअर सेंटर दोन्ही बाजूंच्या मध्यरेषा मिळतात तिथे, म्हणजे कोपऱ्यातच असतो. तिथून वजन गेलं तर अँगल फक्त वाकतो, पिळत नाही. हेच वजन तळाच्या बाजूवर, कोपऱ्यापासून तीस मिलिमीटर आत ठेवलं असतं तर वाकेबरोबर पीळही आला असता. पातळ उघडा छेद पिळाला फारच कमकुवत असतो. टोकं पिळापासून धरलेली आहेत असं मानलं तरी मध्यावर साधारण दीड अंश फिरला असता, आणि वरची कड कोपऱ्याच्या तुलनेत अडीच मिलिमीटर उजवीकडे गेली असती. म्हणून अशा ठिकाणी बाजूची हालचाल मोजताना एका जागी मोजून भागत नाही. कोपऱ्याजवळ एकदा आणि वरच्या कडेला एकदा, असं दोन जागी मोजायचं. दोन्हीकडे सारखी आली तर मुख्य अक्षांचा मामला, वेगळी आली तर पीळही आहे. या रॅकवर दोन्ही जागी सातच भरले होते.

मालकांना शेजारी तसाच आणखी एक रॅक करायचा होता. त्यांनी विचारलं, नव्यात काय टाकू? त्यांना १००×७५×८ च्या एका अँगलऐवजी ७५×५०×६ चे दोन अँगल पाठीला पाठ लावून, लांब बाजू उभी ठेवून आणि ठरावीक अंतरावर वेल्डने जोडून वापरायला सांगितलं. दोन अँगलचे Ixy सारखे आणि उलट चिन्हांचे, बेरीज शून्य, म्हणून उभा अक्ष हाच मुख्य अक्ष होतो. कड्या जोडाच्या बरोबर खाली, म्हणजे पीळही नाही. लोखंड मीटरमागे साडेदहा किलोऐवजी सव्वाअकरा किलो. जोडीचा Ix ८२, बाजूला मोकळ्या एकट्या अँगलच्या ८८ च्या जवळपास, म्हणून उभी वाक दहा मिलिमीटरच्या थोडी वर जाते. वरच्या टोकाचा दाब ११० मेगापास्कल, तळाची ओढ ५४. आणि मध्यावर आडवी पट्टी लागत नाही, त्यामुळे दोन रांगांमधून ट्रॉली आरपार जाते. मालकांना त्यातलं शेवटचंच सर्वांत जास्त पटलं.